ज्येष्ठांच्या वर्गात टीव्हीवर दहा मिनिटं बोलायचंय, मसुदा वाचून सांगाल का?

सायंछाया

दर शनिवारी आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांचा एक वर्ग भरतो. वीस-बावीस जण असतात, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. मागच्या वेळी मी टीव्ही हा विषय घेतला आणि पन्नास मिनिटांत सगळंच शिकवायला गेले: वायफाय, अ‍ॅप, रिमोट, आवाज, सबटायटल. तिसऱ्याच दिवशी वर्गातल्या एका आजींचा फोन आला, "टीव्ही गेला गं." टीव्ही गेला नव्हता. आवाज वाढवताना त्यांचा अंगठा शेजारच्या Source बटणावर पडला होता आणि पडद्यावर No Signal आलं होतं. घाबरून त्यांनी पंधरा मिनिटं दिसेल ते बटण दाबलं. त्यात कुठेतरी इंग्रजीत एक प्रश्न आला, त्याला त्यांनी OK म्हटलं आणि टीव्ही दुकानातून आणला तसा कोरा झाला. सगळ्या अ‍ॅपची लॉगिनं गेली. पासवर्ड मुलाकडे, आणि मुलगा परगावी. आजी आठ दिवस टीव्हीविना बसल्या.

मूळ बिघाड एका बटणाचा होता, नुकसान नंतरच्या पंधरा मिनिटांत झालं. म्हणून या वेळी फक्त दहा मिनिटं बोलायचं आणि एकच सवय द्यायची, असं ठरवलंय. मसुदा असा:

"मंडळी, टीव्हीवर चित्र आलं नाही की आपला हात आधी रिमोटकडे जातो. आजपासून हात मांडीवर आणि नजर पडद्यावर. पडदा काय म्हणतोय ते आधी वाचायचं. इंग्रजी वाचता येत नसेल तर फोनने फोटो काढायचा. फोटो काढेपर्यंत एकही बटण दाबायचं नाही.

पडद्यावर काहीच नसेल, खालचा बारीक दिवाही लागला नसेल, तर वीज पोचत नाहीये. प्लग आणि बोर्डावरचं बटण बघा.

पडद्यावर No Signal असेल, तर टीव्ही ठणठणीत आहे. तो तुमच्याशी बोलतोय म्हणजे जिवंत आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की तुम्ही मला ज्या दारापाशी उभं केलंय तिथून कुणी आत येत नाहीये. टीव्हीला मागे दोन-तीन दारं असतात, HDMI 1, HDMI 2 अशी. तुमचा सेट टॉप बॉक्स त्यातल्या एकाच दाराला जोडलेला आहे. Source किंवा Input बटण दाबा, यादी येईल, आपलं दार निवडा आणि दहापर्यंत आकडे मोजा. चित्र आलं नाही तर पुढचं दार.

आणि चित्र अर्धवट येऊन मध्ये गोल फिरत बसलं, किंवा इंटरनेट नाही असा निरोप आला, तर भानगड टीव्हीच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त. ती कशी ओळखायची ते आता फोन हातात घेऊन बघू."

यापुढे प्रत्यक्ष करून दाखवायचं आहे. चुकीचं काही सांगत असेन तर आत्ताच सांगा. यातलं काय काढू, काय घालू?

---

पाऊलवाट

छान उपक्रम. आमच्या बाबांसाठी नवा टीव्ही घ्यायचाय. ४३ इंची बरा की ५५? खोली मध्यम आहे.

---

सायंछाया

पाऊलवाट, खरेदीबद्दल मला फार सांगता येणार नाही, त्यासाठी वेगळा धागा काढा, जाणकार येतील. एवढं मात्र सुचवेन, की इंचांआधी त्यांच्या हातात रिमोट देऊन बघा. त्यावरची अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतात का, ते पाहा.

---

खटपट्या

मसुदा चांगला आहे, पण तुम्ही फार लांबण लावताय. ज्येष्ठांना एकच मंत्र द्या: बंद करा, चालू करा. माझ्या घरी दहातल्या आठ तक्रारी त्यानेच मिटतात. इंटरनेट अडलं तर राउटरच्या मागे छोटं भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचं. रीसेट होतो आणि धावायला लागतो.

---

तारजोड

खटपट्या, पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं कृपा करून वर्गात कुणीही सांगू नका.

मी पंचवीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन टीव्ही आणि केबलची कामं केली. भोकातलं ते बटण राउटर बंद-चालू करत नाही, त्याची स्मृती पुसतं. वायफायचं नाव, पासवर्ड, इंटरनेट कंपनीने भरलेली माहिती, सगळं जाऊ शकतं. मग घरातला फोन, टीव्ही, काहीच जोडलं जात नाही आणि माणूस बोलवावा लागतो. तुमच्याकडे ते चाललं असेल तर तुमच्या कंपनीचा राउटर आपली माहिती पुन्हा ओढून घेत असेल. सगळ्यांचे तसे नसतात.

बंद-चालू म्हणजे प्लगचं बटण बंद, तीस सेकंद थांबायचं, बटण चालू. त्यानंतर दोन-तीन मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. इथेच घोळ होतो. दिवे लुकलुकताना लोकांना वाटतं अजून बिघडलेलाच आहे, ते पुन्हा बंद करतात आणि राउटर बिचारा कधी उठतच नाही. दिवे स्थिर झाले की मगच टीव्हीकडे वळायचं.

टीव्हीचंही तसंच. रिमोटने बंद केलेला टीव्ही बहुतेक वेळा झोपलेला असतो, बंद झालेला नसतो. अडकलेलं अ‍ॅप सकाळी तिथेच अडकलेलं सापडतं. त्यालाही प्लगपासूनच बंद करावं लागतं, मिनिटभर.

---

खटपट्या

स्मृती पुसते हे माहीत नव्हतं. आमचा दर वेळी आपोआप सुरू झाला, म्हणून सगळ्यांना सांगत आलो. दोन नातेवाइकांनाही सांगितलंय, त्यांना आजच फोन करतो.

---

सायंछाया

तारजोड, मनापासून आभार. 'रीसेट' आणि 'रीस्टार्ट' हे शब्दच वर्गात वापरणार नाही. 'पुसणं' आणि 'झोपेतून उठवणं' म्हणते. आजींच्या टीव्हीवरही पुसण्याचाच प्रश्न आला होता.

No Signal बद्दल मी सांगितलंय ते पुरेसं आहे का?

---

तारजोड

अर्धं आहे. सिग्नल नाही असा निरोप दोन जण देऊ शकतात, टीव्ही किंवा बॉक्स. दोघांचे उपाय वेगळे, आणि लोक या दोहोंत गल्लत करतात.

टीव्ही बोलतो तेव्हा पडदा काळा किंवा निळा असतो, कोपऱ्यात HDMI 1 असं काहीतरी दिसतं आणि No Signal चा चौकोन बऱ्याचदा इकडून तिकडे तरंगतो. बॉक्स बोलतो तेव्हा कंपनीचं चिन्ह, वाहिनीचं नाव, बरेचदा एखादा त्रुटी क्रमांक, असं काहीतरी सोबत असतं.

वाचून कळलं नाही तर एक चाचणी आहे, ती सत्तर-ऐंशीच्या माणसालाही जमते. बॉक्सच्या रिमोटवरचं Menu दाबायचं. बॉक्सचा मेनू पडद्यावर आला, तर दार बरोबर आहे, वायर बरोबर आहे, बॉक्सही चालू आहे. दोष बॉक्सच्या आधी, म्हणजे छपरावरच्या तबकडीत, येणाऱ्या केबलीत किंवा कंपनीकडे. अशा वेळी Source दाबत बसलात तर चांगलं दार हरवून बसाल. कंपनीला क्रमांक वाचून दाखवायचा आणि थांबायचं. जोराचा पाऊस असेल तर आधी तो ओसरू द्यायचा, तबकडीचा सिग्नल पावसात कमजोर होतोच.

मेनू आला नाही, तर आधी बॉक्सचा दिवा बघायचा. मी किती घरी गेलो असेन, की टीव्ही चालू आणि बॉक्स बंद! दोघांची बटणं वेगळी आणि रिमोट वेगळे. दिवा आहे, तरी मेनू नाही, तर मग तुम्ही सांगितलेलं दार शोधायचं. तेही जमलं नाही तर HDMI ची वायर दोन्ही टोकांना नीट दाबून बसवायची. झाडलोट करताना टीव्ही जरा हलला तरी ती सैल होते.

---

मीनाक्षी_७४

मी स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझी अडचण चित्राची नाही. दोन महिन्यांपासून मालिकेत मध्येच एक बाई बोलते. "ती दार उघडते. ती खिडकीपाशी जाते." असं सगळं सांगत राहते. सुनेला वाटलं मालिकाच तशी आहे. मी आवाज बंद करून बघते हल्ली. याला काय करावं?

---

तारजोड

मीनाक्षीताई, ती सोय दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी असते, चुकून सुरू झाली आहे. अ‍ॅपमध्ये मालिका चालू असताना रिमोटवर खालचा बाण किंवा OK दाबा. तळाशी पट्टी येईल, तिच्यात Audio किंवा भाषेची यादी सापडेल. तुमच्या भाषेची दोन नावं दिसतील, एकापुढे Audio Description असं लिहिलेलं असेल. ते नसलेलं नाव निवडा.

एक विचारतो. ती बाई फक्त मालिकेत बोलते, की टीव्हीच्या मेनूत फिरतानाही प्रत्येक नाव वाचते?

---

मीनाक्षी_७४

फक्त मालिकेत. मेनूत गप्प असते.

---

तारजोड

मग वर सांगितलंय तेच. मेनूही वाचत असती तर टीव्हीच्या Settings मध्ये Accessibility म्हणून भाग असतो, तिथलं बोलणं बंद करावं लागलं असतं.

---

मीनाक्षी_७४

गेली! यादीत दोन नावं होती, दुसरं निवडलं. दोन महिने मी बिनआवाजाची मालिका बघत होते हो. सायंछाया, हेही वर्गात सांगा. माझ्यासारख्या अजून असतील.

---

सायंछाया

मीनाक्षीताई, हे ऐकून फार बरं वाटलं. दहा मिनिटांत बसणार नाही, पण शेवटी प्रश्न विचारायला वेळ ठेवते, तेव्हा मुद्दाम विचारेन.

आता इंटरनेटचा भाग. मी दाखवणार आहे तो क्रम असा: टीव्हीवर गोल फिरतंय, तर फोनवर काहीतरी उघडून बघायचं. फोनवर उघडलं तर इंटरनेट ठीक, दोष टीव्हीचा. बरोबर?

---

निरंजन_का

इथे एक सापळा आहे. फोनचा मोबाइल डेटा चालू असेल तर घरातलं वायफाय मेलेलं असलं तरी फोनवर सगळं उघडतं. माझ्या आईबरोबर नेमकं हेच झालं. ती म्हणाली, "फोनवर चालतंय, म्हणजे टीव्ही बिघडला." मी फोनवरूनच तासभर तिच्याकडून टीव्हीच्या सेटिंगमध्ये खुडबुड करून घेतली. कंपनीचीच लाइन बंद होती.

म्हणून आधी मोबाइल डेटा बंद, वायफाय चालू, आणि मग आधी न पाहिलेलं काहीतरी उघडायचं. जुनं पान फोनने साठवलेलं असतं, ते इंटरनेट नसतानाही दिसू शकतं. शिवाय फोन टीव्हीच्या शेजारी उभं राहून बघायचा. राउटर बाहेरच्या खोलीत आणि टीव्ही आतल्या, तर राउटरपाशी घेतलेली परीक्षा टीव्हीला लागू होत नाही. आणि झाल्यावर डेटा पुन्हा चालू करायला सांगा, नाहीतर बाहेर गेल्यावर फोन मुका.

---

सायंछाया

हे मला सुचलंच नसतं. मसुद्यात घालते.

---

तारजोड

निरंजनच्या चाचणीपुढे एकच पायरी जोडा. फोन त्याच वायफायवर नीट चालला, तर टीव्हीवर दुसरं अ‍ॅप उघडून बघायचं. दुसरं चाललं तर दोष पहिल्या अ‍ॅपचा किंवा त्यांच्या सर्व्हरचा. टीव्ही झोपेतून उठवा, तरीही नाही आलं तर तासाभराने बघा. राउटरला हात लावायचं कारण नाही.

एकही अ‍ॅप चालत नाही, पण टीव्ही म्हणतो वायफाय जोडलेलं आहे, असं झालं तर टीव्हीचं घड्याळ बघा. वाचणाऱ्यांना विचित्र वाटेल. पण अ‍ॅप जोडणी करताना समोरच्या सर्व्हरचं ओळखपत्र तपासतं आणि त्या ओळखपत्राला मुदत असते. बराच वेळ वीज गेल्यावर काही टीव्हींची तारीख काही वर्षं मागे जाते. मग टीव्हीच्या हिशेबाने त्या ओळखपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते आणि तो जोडणी नाकारतो. निरोप मात्र इंटरनेट नसल्यासारखा देतो. Settings मध्ये तारीख-वेळ आपोआप घे असं केलं की बहुतेक वेळा सुटतं. नाहीतर हाताने तारीख घालायची.

---

खटपट्या

तारीख! आमच्या मामांचा टीव्ही मी याच लक्षणावर 'पुसला' होता. पुसल्यावर चालला, कारण पहिल्यापासून मांडताना त्याने तारीख विचारली. आज कळलं कशाने चालला ते.

रिमोटबद्दल एक नक्की माहीत आहे. फोनचा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी धरा, बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट जिवंत, नाही चमकला तर मेला.

---

निरंजन_का

चमकला तर जिवंत, हे बरोबर. नाही चमकला तर मेला, हे नाही. बऱ्याच फोनचा मागचा कॅमेरा तो प्रकाश गाळून टाकतो, समोरच्या सेल्फी कॅमेऱ्यात तो दिसू शकतो. आणि हल्लीचे बोलून शोधता येणारे रिमोट बरेचसे ब्लूटूथवर चालतात, त्यांच्या बऱ्याच बटणांतून प्रकाश येतच नाही. आधी चांगल्या चालणाऱ्या जुन्या रिमोटवर आपला फोन तपासून घ्यायचा.

---

कुमुदिनी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्या बाजूने लिहिते. तारजोडसाहेब म्हणतात प्लगपासून बंद करा. पण टीव्हीचा प्लग बहुधा टीव्हीच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर किंवा कपाटाआड असतो. माझ्याकडे एक आजोबा असाच प्लग काढायला वाकले आणि पडले, खुब्याचं हाड मोडलं. ज्यांचा तोल जातो त्यांना हे शिकवू नये असं माझं ठाम मत आहे.

---

तारजोड

कुमुदिनीताई, मान्य. काही टीव्हींवर रिमोटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं की तो स्वतः झोपेतून उठतो, काहींवर सेटिंगमध्ये Restart असतं. पण हे सगळ्या टीव्हींवर नाही आणि राउटरला तर रिमोटच नसतो. प्लग हा उपाय पूर्ण काढून टाकला तर एकटं राहणाऱ्या माणसाकडे काहीच उरत नाही.

---

कुमुदिनी

मग घरच्यांनी हाताशी बटण असलेला विस्तार-बोर्ड लावून द्यावा, खुर्चीत बसून दाबता येईल असा, आणि वायर भिंतीलगत बसवून. तोवर प्लगला हात लावू नये, असंच मी सांगेन. जमिनीवर लोळणाऱ्या वायरीत पाय अडकणं हेही मी पाहिलंय.

---

सायंछाया

यावर मी अजून विचार करतेय. वर्गात निम्मे लोक एकटेच राहतात. सरसकट 'करू नका' म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, आणि 'करा' म्हणायला जीभ रेटत नाही.

---

ओंजळ

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. अ‍ॅपमध्ये पुन्हा लॉगिन करताना टीव्ही एक पत्ता आणि कोड दाखवतो. आमच्या शेजारच्या काकांनी तो पत्ता फोनवर शोधला, वर आलेल्या पहिल्या दुव्यावर गेले, तिथे 'सक्रिय करण्यासाठी या नंबरवर फोन करा' असं होतं. समोरच्याने शुल्क मागितलं आणि फोनचा पडदा दिसेल असं अ‍ॅप टाकायला लावलं. सुदैवाने तेवढ्यात मुलगी आली. कोड टाकून लॉगिन करायला पैसे लागत नाहीत, कुणाला फोनही करावा लागत नाही. पत्ता शोधायचा नाही, वरच्या पट्टीत अक्षर-अक्षर टाइप करायचा, किंवा टीव्हीवरचा चौकोनी क्यूआर कोड फोनने टिपायचा.

---

सायंछाया

ओंजळ, हे दहा मिनिटांतच बसवते. त्यासाठी रिमोटचा भाग काढला तरी चालेल.

---

सायंछाया

परवा वर्ग झाला. फोटो काढण्याची सवय लगेच जमली, दोघींनी तर तिथेच घरच्या टीव्हीचे जुने फोटो दाखवले. सर्वात जास्त वेळ मोबाइल डेटा बंद करण्यात गेला, कारण प्रत्येकाच्या फोनवर ते बटण वेगळ्या जागी. त्यातच सहा मिनिटं संपली. बॉक्सच्या Menu ची चाचणी मात्र एका दमात समजली. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे हाक मारायची, कोण ओ देतं ते बघायचं."

No Signal वाल्या आजीही आल्या होत्या. त्यांनी घरी HDMI 1 असं चिठ्ठीवर लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवलंय. त्यांनी विचारलं, Source च्या बटणावर चिकटपट्टी लावू का, म्हणजे दाबलंच जाणार नाही. मी थांबा म्हटलं, कारण नातू कधीकधी त्यांचा गेम टीव्हीला जोडतो, तेव्हा ते बटण लागतं. तारजोड, तुम्ही काय सांगाल?

---

तारजोड

काही टीव्हींच्या होम पडद्यावरही इनपुटची यादी असते. त्यांच्या टीव्हीवर असेल तर पट्टी लावा, नातू तिथून निवडेल. नसेल तर नको. होम बटण दाबून बघायला सांगा आणि त्या पडद्याचा फोटो इथे टाका.